स्क्रीनशॉटमधलं नोटेशन अक्षरांत उतरवलं, पण धून चुकतेय: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावं

कीबोर्ड शिकायला लागलेली मुलं, त्यांचे आईवडील आणि हौसेने चाळिशीत सुरुवात केलेले विद्यार्थी मला सतत एकच गोष्ट पाठवतात. पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य नोटेशनचा स्क्रीनशॉट, त्याखाली स्वतः लिहिलेली अक्षरं, आणि प्रश्न: "अक्षरं बरोबर लिहिली आहेत ना? मग वाजवल्यावर असं का वाटतंय?" चुका बहुतेक वेळा त्याच चार-पाच असतात. त्या कोणत्या क्रमाने शोधायच्या हे एकदा नीट लिहून ठेवतोय.

उदाहरण एकच घेतो: बीथोवनच्या नवव्या सिंफनीतली 'ओड टू जॉय' ही धून. सिंफनी १८२४ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, त्यामुळे नोटेशन उघडपणे मिळतं आणि जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या पुस्तकात ही धून असते. शिवाय ती कानात बसलेली असते, म्हणून चूक लगेच ऐकू येते. मूळ स्वरपट्टी डी मेजर आहे. डीला सा धरलं तर सुरुवात अशी: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. सगळे स्वर शुद्ध.

लक्षणं

तुमची तक्रार यातली कोणती आहे ते आधी ठरवा, कारण पुढची तपासणी त्यावर अवलंबून आहे.

- धून ओळखू येते, पण आनंदी असायला हवी तिथे उदास वाटते.
- धून ओळखूच येत नाही. सगळे स्वर भलतीकडे गेल्यासारखे वाटतात.
- स्वर बरोबर, पण चाल अडखळते. तालाबरोबर टाळी धरली की मध्येच टाळी चुकते.
- एखादा स्वर एकदाच यायला हवा तिथे दोनदा वाजतो.
- एकट्याने वाजवताना सगळं ठीक, पण रेकॉर्डिंगबरोबर वाजवलं की प्रत्येक स्वर सारख्याच अंतराने वर किंवा खाली.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट "कुठे थांबायचं" हा भाग वाचा.

पहिली तपासणी: स्क्रीनशॉटच्या डाव्या कडेला काय कापलं गेलं?

याला एक पैसा लागत नाही आणि बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला आधी क्लेफ म्हणजे ते मोठं वळणदार चिन्ह असतं, आणि त्याला लागून शार्प किंवा फ्लॅटची चिन्हं असतात. ही दोन्ही सहसा प्रत्येक ओळीला पुन्हा छापतात. टाइम सिग्नेचर, म्हणजे एकावर एक लिहिलेले दोन आकडे, मात्र फक्त पहिल्या ओळीला असते. नंतर ती बदलली तरच पुन्हा दिसते.

म्हणजे तुम्ही तिसऱ्या ओळीचाच स्क्रीनशॉट घेतला असेल तर टाइम सिग्नेचर त्यात असणारच नाही. आणि बोटाने कापताना डावी कड गेली असेल तर क्लेफ आणि शार्पही गेले. ही चिन्हं नसताना रेघेवरच्या गोळ्याला नाव देताच येत नाही. तोच गोळा एका क्लेफमध्ये डी असतो आणि दुसऱ्यात एफ. अंदाजाने पुढे जाऊ नका, मूळ पान उघडून पहिल्या ओळीच्या डाव्या टोकापासून नवा स्क्रीनशॉट घ्या.

तेव्हाच चित्राची स्पष्टताही बघा. लहान दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन मग तो मोठा करण्यात अर्थ नाही, त्याने फक्त धूसरपणा मोठा होतो. पीडीएफ आधी मोठी करा, मग स्क्रीनशॉट घ्या. व्हिडिओतून घेत असाल तर आधी व्हिडिओची क्वालिटी वाढवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण फोटो दाबून लहान केला जातो. त्यात सगळ्यात आधी बळी जातो तो गोळ्याशेजारच्या बारीक ठिपक्याचा, आणि तो ठिपका किती महत्त्वाचा आहे ते पुढे येईलच.

दुसरी तपासणी: क्लेफ कोणता?

नवशिक्याला आधी ट्रेबल क्लेफ शिकवतात. त्यामुळे समोर काहीही आलं तरी तो ट्रेबल समजूनच वाचतो. ट्रेबल क्लेफचं वळण खालून दुसऱ्या रेघेभोवती गुंडाळलेलं असतं आणि ती रेघ जी. बास क्लेफला उजवीकडे दोन ठिपके असतात. ते खालून चौथ्या रेघेच्या वर आणि खाली बसतात आणि ती रेघ एफ. कुठलंही कोष्टक पाठ नसलं तरी या एका रेघेपासून वर-खाली मोजत गेलं की पुरतं: रेघ, जागा, रेघ, जागा, आणि प्रत्येक पायरीला एक अक्षर. जीनंतर पुन्हा ए येतो.

'ओड टू जॉय'मध्ये ही चूक नेहमी होते, आणि त्याला कारण आहे. मूळ सिंफनीत ही धून पहिल्यांदा चेलो आणि डबल बास वाजवतात. कोणी IMSLP या जुन्या नोटेशनच्या मोफत संकेतस्थळावरून मूळ पान काढून चेलोच्या ओळीचा स्क्रीनशॉट घेतला तर तो बास क्लेफमध्येच असणार. पहिला स्वर चौथ्या रेघेवर आहे, म्हणजे एफ. ट्रेबलच्या सवयीने वाचणारा त्याला डी म्हणतो आणि तिथून पुढची सगळी ओळ अशी लिहितो:

```
D D E F# | F# E D C# | B B C# D | D C# C#
```

वाजवून बघा. धून ओळखू येते, पण ती उदास झालेली असते, कारण आता बी हा सा झाला आणि डी हा त्याचा कोमल ग. स्वरांची वर-खाली चाल तीच राहिली, म्हणून कान फसतो आणि "अक्षरं बरोबरच आहेत" असं वाटतं. शार्पही सोडून दिले असतील तर कोमल ग बरोबर कोमल रे पण येतो, एफ शार्पच्या जागी साधा एफ येऊन प सुद्धा जागेवरून खाली सरकतो, आणि धून ओळखू येणं कठीण होतं.

तिसरी तपासणी: क्लेफनंतरचे शार्प आणि फ्लॅट

क्लेफच्या लगेच पुढे जी शार्प किंवा फ्लॅटची चिन्हं असतात ती सगळ्या ओळीला लागू असतात. डी मेजरला दोन शार्प असतात, एफच्या आणि सीच्या जागी. याचा अर्थ त्या ओळीतला प्रत्येक एफ हा एफ शार्प आहे, मग तो वरच्या सप्तकातला असो की खालच्या. गोळ्याच्या शेजारी चिन्ह पुन्हा छापलेलं नसतं, म्हणून नवशिका साधा एफ लिहितो:

```
चूक:    F  F  G A | A G F  E | D D E F
बरोबर:  F# F# G A | A G F# E | D D E F#
```

वरच्या ओळीचं लक्षण पुन्हा तेच: धून उदास. डीला सा धरलं तर एफ शार्प हा शुद्ध ग आणि साधा एफ हा कोमल ग. सगळी धूनच ग पासून सुरू होते, त्यामुळे पहिल्याच स्वरापासून रंग बदलतो.

आता दोन वेगळ्या चुकांचं लक्षण एकच झालं, मग त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? धून जिथे येऊन थांबते तो शेवटचा लांब स्वर बघा. या धूनेची दुसरी ओळ सा वर संपते. तुमच्या कागदावर तिथे डी असेल आणि धून उदास असेल, तर शार्प राहिले आहेत. तिथे बी आला असेल, तर क्लेफ चुकीचा वाचला आहे.

दुसऱ्या कुठल्या धूनेला हे लावायचं तर शेवटचा शार्प, म्हणजे सगळ्यात उजवीकडचा, शोधा आणि त्याच्या लगेच पुढची कळ बघा. सी शार्पनंतरची कळ डी. म्हणून पट्टी डी मेजर. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या: बी मायनरलाही हेच दोन शार्प असतात आणि ती धून खरोखरच उदास असते आणि बीवर संपते. म्हणून मी क्लेफ आधी आणि शार्प नंतर तपासायला सांगतो. क्लेफ पक्का झाला असेल तर बीवर संपणारी धून म्हणजे चूक नव्हे, ती मायनरच आहे.

गोळ्याच्या अगदी शेजारी वेगळं चिन्ह छापलेलं असेल तर त्याचा नियम निराळा. ते फक्त त्याच बारपुरतं, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यापुरतं, त्याच रेघेवरच्या किंवा जागेवरच्या पुढच्या गोळ्यांना लागू असतं. उभी बार लाइन ओलांडली की त्याचा परिणाम संपतो.

चौथी तपासणी: प्रत्येक बारची बेरीज

स्वर बरोबर पण चाल अडखळते, या तक्रारीला माझ्याकडे यापेक्षा चांगला उपाय नाही. अक्षराबरोबर लांबी आकड्यात लिहा आणि प्रत्येक बारची बेरीज करा. मी मध्ये विसर्ग-चिन्हासारखे दोन ठिपके टाकतो, कारण F4 असं जोडून लिहिलं तर बऱ्याच अॅपमध्ये त्याचा अर्थ "चौथ्या सप्तकातला एफ" असा होतो आणि वाचणारा गोंधळतो.

चार-चारच्या तालात, म्हणजे टाइम सिग्नेचर ४/४ असताना, हिशोब सोपा आहे. भरलेला गोळा आणि दांडी ही एक मात्रा. पोकळ गोळा आणि दांडी या दोन. पोकळ गोळा, दांडी नाही, या चार. भरलेल्या गोळ्याच्या दांडीला एक शेपूट असेल किंवा शेजारच्या दांडीशी एका जाड पट्टीने जोडलेली असेल तर अर्धी मात्रा. क्लासमध्ये यांना क्वार्टर, हाफ, होल आणि एट्थ म्हणतात. ट्रिनिटीच्या परीक्षेच्या पुस्तकात तेच क्रॉचेट, मिनिम, सेमीब्रीव्ह आणि क्वेव्हर. दोन पुस्तकांत वेगळी नावं दिसली तर घाबरू नका, लांबी तीच आहे. गोळ्याच्या उजवीकडे ठिपका असेल तर त्याच्या लांबीत तिच्या निम्मी भर पडते, म्हणजे एकची दीड आणि दोनची तीन.

पहिल्या चार बारचं बरोबर उत्तर:

```
F#:1 F#:1 G:1 A:1    = 4
A:1 G:1 F#:1 E:1     = 4
D:1 D:1 E:1 F#:1     = 4
F#:1.5 E:0.5 E:2     = 4
```

पहिले तीन बार कुणाचे चुकत नाहीत. चौथा चुकतो, आणि बेरीज किती कमी आली यावरून काय चुकलं ते कळतं. बेरीज साडेतीन आली तर एफ शार्पशेजारचा ठिपका दिसला नाही. तीन आली तर शेवटचा पोकळ गोळा भरलेला समजला गेला. धूसर चित्रात मधून जाणाऱ्या रेघेमुळे पोकळ गोळा काळा दिसतो. साडेचार आली तर ठिपका दिसला, पण ईची शेपूट निसटली. दुसऱ्या कुठल्या धूनेत एक मात्रा कमी पडली आणि गोळे सगळे बरोबर असतील, तर मध्ये एखादं विश्रांतीचं चिन्ह राहिलं असणार. नागमोडी उभं चिन्ह म्हणजे एक मात्रा शांत. मधल्या रेघेवर बसलेला छोटा काळा ठोकळा म्हणजे दोन.

या बेरजेला एक मर्यादा आहे आणि ती सांगितली नाही तर तुम्ही फसाल. ठिपका आणि शेपूट दोन्ही एकदम निसटले तर चौथा बार असा होतो:

```
F#:1 E:1 E:2   = 4
```

बेरीज चार, आणि तरीही चूक. धूनेचा तो ओळखीचा झोका जातो आणि ती सपाट वाटते. म्हणून ओळीच्या शेवटी लांब स्वराच्या आधी दोन स्वर असतील तर बेरीज जुळली तरी तेवढी जागा मोठी करून बघाच.

ठिपक्याबद्दल आणखी एक. गोळ्याच्या उजवीकडचा ठिपका लांबी वाढवतो. गोळ्याच्या बरोबर वर किंवा खाली असलेला ठिपका म्हणजे तो स्वर तोडून वाजवा. त्याने मोजणीत काही बदलत नाही. आणि पहिल्याच बारची बेरीज कमी आली तर लगेच चूक धरू नका. कित्येक धुना अपुऱ्या बारने सुरू होतात आणि राहिलेल्या मात्रा सहसा शेवटच्या बारमध्ये भरून निघतात.

पाचवी तपासणी: वक्र रेघ

दोन गोळ्यांना जोडणारी वक्र रेघ दिसली की दोन्ही गोळे एकाच जागेवर आहेत का ते पहिलं बघा. एकाच स्वराचे लागोपाठचे दोन गोळे असतील तर ती टाय: दुसरा गोळा पुन्हा वाजवायचा नाही, लांबी मिळवायची. वेगवेगळे स्वर असतील तर ती स्लर: सगळे वाजवायचे, फक्त मध्ये बोट न उचलता. स्लरने अक्षरं किंवा लांबी बदलत नाही.

या धूनेत टाय अगदी मोक्याच्या जागी आहे. तिसऱ्या ओळीच्या शेवटी मूळ धून परतायची असते, आणि बीथोवन तो एफ शार्प एक मात्रा आधीच सुरू करतो, मग तो बार लाइन ओलांडून पुढे जातो:

```
D:1 E:1 A,:1 F#:1~ | ~F#:1 F#:1 G:1 A:1
```

इथे स्वल्पविराम लावलेला ए म्हणजे खालच्या सप्तकातला. लाटेच्या खुणेने जोडलेले दोन एफ शार्प मिळून एकच स्वर, दोन मात्रांचा. ज्याला टाय दिसली नाही तो एफ शार्प तीनदा वाजवतो, आणि "एक स्वर जास्त येतोय" ही तक्रार तिथूनच येते. बेरजेने ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही बार चार-चारचेच राहतात. नवशिक्यांच्या बऱ्याच पुस्तकांत ही टाय काढून धून सोपी केलेली असते. म्हणून मित्राचा कागद आणि तुमचा कागद इथे जुळले नाहीत तर आधी दोघांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवा. कदाचित दोघेही बरोबर असाल.

सहावी तपासणी: लिहिलेलं संगणकाकडून वाजवून घ्या

वरचं सगळं करूनही शंका असेल तर मोफत मिळणारं म्यूझस्कोर संगणकावर टाका. याला अर्धा तास जातो, म्हणून हे शेवटी. नवं पान उघडताना क्लेफ, दोन शार्प आणि ४/४ हे स्क्रीनशॉटप्रमाणेच निवडा. `N` दाबून लेखन सुरू करा, आधी लांबीचा आकडा आणि मग अक्षर टाका: `4` म्हणजे अर्धी मात्रा, `5` म्हणजे एक, `6` म्हणजे दोन. ठिपक्यासाठी स्वर टाकायच्या आधी `.` दाबा. लक्षात घ्या, हे आकडे म्हणजे मात्रा नव्हेत, ते त्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे संकेत आहेत. दोन शार्प निवडले असतील तर `F` दाबल्यावर आपोआप एफ शार्पच येतो.

लांबी चुकून जास्त टाकली तर म्यूझस्कोर तक्रार करत नाही, उरलेला तुकडा टाय लावून पुढच्या बारमध्ये ढकलतं. स्क्रीनशॉटमध्ये नसलेली टाय तुमच्या पानावर दिसली की त्याच्या आधीच्या बारमध्ये लांबी चुकली आहे. मग प्लेचं बटण दाबून ऐका आणि डोळे स्क्रीनशॉटवर ठेवा.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

काही पानं नवशिक्याने एकट्याने सोडवू नयेत, कारण तिथे वरचे नियम पुरत नाहीत.

रेकॉर्डिंगशी सगळे स्वर सारख्याच अंतराने चुकत असतील तर पानावर वाद्याचं नाव बघा. बी फ्लॅट क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेटचं पान असेल तर लिहिलेला सी प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजतो. तुमचं वाचन बरोबर आहे, पान तुमच्या वाद्याचं नाही. एका धूनेसाठी ते उतरवून देणं शिक्षकाला दहा मिनिटांचं काम आहे.

क्लेफ ट्रेबलही नाही आणि बासही नाही, मधोमध दोन कमानी जुळल्यासारखं चिन्ह आहे, तर तो सी क्लेफ. तो वर-खाली सरकवलेलाही असतो. एकाच ओळीत काही दांड्या वर आणि काही खाली, आणि बेरीज जवळजवळ दुप्पट येते, तर तिथे दोन स्वतंत्र धुना एकत्र लिहिल्या आहेत. त्या आधी वेगळ्या कराव्या लागतात. टाइम सिग्नेचर ६/८ असेल तर मात्रा मोजण्याची पद्धतच बदलते, ती समोर बसून टाळीवर शिकावी. आणि हाताने लिहिलेलं, पुसट झालेलं पान असेल तर अंदाज करण्यापेक्षा त्याच धूनेची छापील प्रत शोधा.

अशा वेळी स्टाफ नोटेशन रोज वाचणारा माणूस गाठा: ट्रिनिटीच्या परीक्षांना बसवणारा पियानो किंवा व्हायोलिनचा शिक्षक, चर्चच्या गायकवृंदाला साथ करणारा ऑर्गनवादक. गोव्यात असाल तर पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण दिलं जातं, तिथल्या कुणालाही हे विचारता येईल. हार्मोनियमच्या शिक्षकाकडे सरळ नेऊ नका. स्वरांचं ज्ञान पक्कं असलं तरी पाच रेघांचं वाचन त्यांनी केलेलं असेलच असं नाही.

जाताना तीन गोष्टी बरोबर ठेवा: डावी कड न कापलेला स्क्रीनशॉट, तुम्ही लिहिलेली अक्षरं बारच्या बेरजेसह, आणि ज्या बारवर अडलात त्याच्यावर पेन्सिलची खूण.